चार पिढ्यांच्या कथेचा सारांश: शेवट तुटक का वाटतो आणि तो कसा दुरुस्त करायचा

एखाद्या घराण्याची तीन-चार पिढ्यांची कथा वाचून कोणी सारांश लिहून आणला, की बहुतेक वेळा मला त्यावर एकच शेरा लिहावा लागतो: "शेवट कळला नाही." मूळ पुस्तकात जो शेवट वाचताना गळा दाटून येतो, तोच सारांशात कुठून तरी येऊन पडल्यासारखा वाटतो. कोकणातल्या एका वाचनालयासाठी मी हे सारांश तपासतो. खाडीकाठची, आगर-बागांची, मुंबईला गेलेल्या आणि न गेलेल्या भावांची घराणी आमच्याकडे भरपूर येतात. काही छापील असतात, काही हस्तलिखित, तर काही कुलवृत्तांताच्या मागे जोडलेल्या आठवणींच्या रूपात. सारांश लिहिणारे मनापासून वाचणारे असतात, भाषाही चांगली असते, तरी बिघाड नेमका त्याच ठिकाणी होतो.

हा बिघाड ओळखायला सोपा आहे. सारांशाचा निम्म्याहून जास्त भाग पहिल्या पिढीवर खर्च झालेला असतो. मधल्या तीस-चाळीस वर्षांवर "कालांतराने", "पुढे", "बघता बघता" एवढीच पांघरुणं घातलेली असतात. "त्याचा मुलगा" म्हणजे कोणाचा, हे कळायला दोनदा मागे जावं लागतं. आणि शेवटच्या परिच्छेदात एखादी नवीच व्यक्ती येऊन सगळ्याचा निकाल लावते. ही चार वेगवेगळी दुखणी दिसतात, पण मुळाशी कारण एकच असतं, म्हणून दुरुस्तीही एकाच ठिकाणापासून सुरू करता येते.

समजुतीसाठी एक कथा

कोणाच्या पुस्तकाचा शेवट फोडण्यापेक्षा मी एक कथा रचून घेतो. माणसं काल्पनिक आहेत, पण तिच्यातला प्रत्येक अडथळा मला सारांशांमध्ये वारंवार भेटलेला आहे.

पुस्तक ५४० पानांचं धरा. दाभोळ खाडीच्या काठावरचं गाव, खोतांचं घर. सुरुवात १९११ साली होते आणि शेवट १९९८ च्या आंब्याच्या हंगामात. पहिली २१० पानं जेमतेम आठ वर्षांची आहेत: द्वारका नावाच्या मुलीचं माहेर, तिचं लग्न, दोन भावांचं एकत्र घर, वादळात सापडलेलं गलबत, मानमोडीची साथ. पुढच्या २२० पानांत १९५७ पर्यंतचा काळ येतो. त्यानंतरची एकोणतीस वर्षं ७० पानांत उरकतात आणि शेवटची बारा वर्षं ४० पानांत. लेखक म्हातारपणी लिहायला बसला की त्याला बालपणीचं घर सविस्तर आठवतं आणि अलीकडचं तो भराभर सांगतो, त्यामुळे अशी उतरती पानसंख्या पुष्कळ घराण्यांच्या कथांत दिसते.

या पुस्तकाचा नेहमी येतो तसा सारांश असा असेल:

"दाभोळ खाडीकाठी विष्णुपंत खोतांचं मोठं घराणं नांदत असतं. द्वारका ही शेजारच्या गावातली हुशार मुलगी. विष्णुपंतांचा धाकटा भाऊ गोविंद याचं लग्न यमुनेशी थाटात होतं. नारळ-सुपारी भरून निघालेलं घरचं गलबत एकदा वादळात सापडतं, तेव्हा गोविंद जिवावर उदार होऊन सगळ्यांना वाचवतो. पुढे मानमोडीच्या साथीत गोविंद जातो आणि घरावर दुःखाचा डोंगर कोसळतो. कालांतराने मुलं मोठी होतात. वाटणीवरून भावाभावांत वितुष्ट येतं. केशव मुंबईला जातो. नंतर कुळकायदा येतो आणि खोतांचे दिवस पालटतात. अखेर मीरा अर्धी बाग केशवच्या नातवाला देते आणि घराणं पुन्हा एक होतं."

वाचायला वाईट नाही. पण मीरा कोण? ती बाग तिच्याकडे कशी आली? अर्धीच का? आणि केशवच्या नातवालाच का? पुस्तकात या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे, सारांशात एकालाही नाही. ज्याच्यावर सगळं फिरतं तो केशवचा मधला भाऊ श्रीधर तर यात कुठेच नाही.

कारण: पहिल्या पानापासून टिपत जाणं

हा सारांश लिहिणाऱ्याने वाचता वाचता टिपणं काढली, हे त्याच्या घडणीवरून दिसतं. चाळिसाव्या पानावर असताना ५१२ व्या पानाला काय लागणार आहे, हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून हात आपोआप मोठ्या प्रसंगाकडे जातो: लग्न, वादळ, मृत्यू, भांडण. जे प्रसंग लेखकाने रंगवून सांगितले तेच टिपणात उतरतात. लिहायला बसल्यावर शब्दमर्यादेतली निम्मी जागा पहिल्या टिपणांनीच खाल्लेली असते, मग उरलेली साठ वर्षं तीन वाक्यांत बसवावी लागतात.

घराण्याच्या कथेत हे विशेष महागात पडतं, कारण तिथे कारण आणि परिणाम यांच्यामध्ये एक अख्खी पिढी असते. प्रसंग घडतो तेव्हा त्याचं वजन कळत नाही. ते नातवंडांच्या वेळी कळतं.

म्हणून पहिलं वाचन टिपणाशिवाय करा. फार तर कोऱ्या कागदावर वंशावळ मांडत जा. पुस्तक संपलं की टिपणं काढायला बसा, आणि ती शेवटापासून मागे काढा.

शेवटापासून मागे

शेवटचा निर्णय एका ओळीत लिहा आणि "का?" विचारा. उत्तर पुस्तकातल्या ज्या पानावर सापडेल, ते पान टिपा. मग त्या उत्तरालाही तोच प्रश्न विचारा.

मीरा बागेतली हापूसची अर्धी कलमं केशवच्या नातवाला का लिहून देते? कारण माजघरातल्या पेटीत तिला मनीऑर्डरच्या कुपनांचा गठ्ठा सापडतो. १९३८ ते १९४४ या काळात केशवने मुंबईहून यमुनेला पैसे पाठवले आणि कुपनाच्या मोकळ्या जागेत दर वेळी "कलमांसाठी" असं लिहिलं (पान ५१२, पैसे पाठवल्याचा मूळ उल्लेख पान २८८ वर, अगदी ओझरता). पण केशवने स्वतःच्या जमिनीत कलमं न लावता श्रीधरच्या बागेत पैसे का घातले? कारण त्याच्या वाट्याला चौथाईच हिस्सा आला होता आणि तो सगळा कुळांकडे होता, हातात मोकळी जमीन नव्हती. शिवाय ज्या यमुनेने त्याला वाढवलं ती श्रीधरच्या घरी राहत होती (पान २४१). तीन सख्ख्या भावांत एकाला चौथाईच कशी? कारण मधला श्रीधर लहानपणीच यमुनेला दत्तक गेला होता (पान १८७). दत्तक का? कारण गोविंद मूलबाळ न होता १९१८ च्या मानमोडीत गेला (पान १७१).

इथे साखळी थांबते. पाच पानं सापडली, त्यातलं १८७ वं पान सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तकात दत्तविधान अर्ध्या पानात आहे: होम, दोन साक्षीदार, सहा वर्षांचा मुलगा एका ओटीतून उठून दुसऱ्या ओटीत बसतो, आणि लेखक लगेच पावसाच्या वर्णनाकडे वळतो. पहिल्या वाचनात ते डोळ्यांखालून निघून जातं.

या अर्ध्या पानाने काय केलं, ते हिशेबाने पाहा. त्या काळच्या एकत्र कुटुंबात वाटणी शाखेनुसार होई. दत्तक झाला नसता तर गोविंदची शाखा तिथेच संपली असती आणि विष्णुपंतांच्या माघारी तिघा मुलांना एक-एक तृतीयांश मिळालं असतं. दत्तकामुळे गोविंदची शाखा उभी राहिली. निम्मी मिळकत एकट्या श्रीधरकडे गेली आणि उरलेल्या निम्म्यात नारायण आणि केशव. म्हणजे तिघांना १/३, १/३, १/३ मिळायचं ते १/४, १/२, १/४ झालं. नारायणचा आयुष्यभराचा राग, केशवचा मोकळ्या जमिनीवाचूनचा संसार आणि मीराच्या हातातली बाग, सगळं इथून निघतं. सारांशात या हिशेबाला एक वाक्य दिलंच पाहिजे. "वाटणीवरून वितुष्ट येतं" एवढंच लिहिलं तर वाचणारा समजतो की भाऊ हावरट होते, आणि पुस्तकात तसं कोणीच नाही.

आता गलबताकडे वळू. पुस्तकातली सगळ्यात थरारक ३८ पानं त्याची आहेत. प्रसंग महत्त्वाचा आहे का, हे ठरवायला तो काढून पाहायचा. तो घडलाच नाही असं धरलं तर पुढच्या पिढीतलं कोणतं वाक्य खोटं पडतं? गलबताच्या बाबतीत एकही नाही. माल बुडाला, माणसं वाचली, पुढच्या हंगामात दुसरं गलबत केलं. गोविंदचा स्वभाव त्यातून दिसतो, पण गोविंद लवकरच कथेतून जाणार आहे. मग तो प्रसंग सारांशातून काढायचा. लिहिणाऱ्याला याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण अशा सारांशातले साठ शब्द दत्तकाला हवे असतात.

न घडलेली गोष्ट

उलट्या साखळीत एक प्रश्न विचारायचा हमखास राहून जातो: हे आत्ताच का घडलं, आधी का नाही?

केशवच्या पैशांतून कलमं १९३८ साली लागली. निम्मी झाडं त्याची, हे यमुनेला आणि श्रीधरला तोंडी ठाऊक होतं. तरी कागद व्हायला साठ वर्षं का लागली? याचं उत्तर पान ४३० ते ४४६ यांच्यामध्ये आहे. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कुळकायद्याने कुळं कसत्या जमिनीची मालक ठरली. नारायण आणि केशव यांच्या वाट्याची जमीन कुळांकडे होती, ती गेली. श्रीधरची बाग तो स्वतः करत होता, ती राहिली. आता त्याने केशवला निम्मी कलमं लिहून दिली असती तर नारायण सगळीच वाटणी पुन्हा उघडा म्हणाला असता. श्रीधर घाबरला. १९६१ साली मरणाच्या दारातल्या यमुनेने त्याच्याकडून शब्द घेतला. त्याने "हो" म्हटलं आणि पुढची पंचवीस वर्षं काहीच केलं नाही.

या काहीच न करण्याला पुस्तकात स्वतंत्र प्रसंग नाही. एका ठिकाणी श्रीधर तालुक्याला जायला निघतो आणि तरीच्या धक्क्यावरून परत येतो, एवढंच. सारांश लिहिणारे घडलेलं टिपतात, त्यामुळे ही टाळाटाळ सारांशात येतच नाही. मग मीराचं देणं नुसतं औदार्य वाटतं. प्रत्यक्षात ती आजोबांनी, म्हणजे श्रीधरने, मोडलेला शब्द पुरा करते आहे, आणि सारांश वाचणाऱ्याला नेमकं हेच कळायला हवं असतं.

म्हणून उलट्या टिपणात "न केलेलं" असा वेगळा रकाना ठेवा: न पाठवलेलं पत्र, न केलेलं लग्न, न लिहिलेला कागद. बहुतेक कथांत त्यात एक किंवा दोनच नोंदी होतात, पण शेवट त्यांच्यावाचून उभा राहत नाही.

माणसं हरवू नयेत म्हणून

वरच्या बिघडलेल्या सारांशात द्वारका आणि यमुना या दोन बायका झाल्या आहेत. पुस्तकात ती एकच आहे. माहेरचं नाव द्वारका, लग्नात नाव बदललं आणि यमुना झाली. लेखक पहिली चाळीस पानं तिला द्वारका म्हणतो आणि लग्नानंतर न सांगता यमुना म्हणू लागतो. वाचताना कळतं, टिपणात फसगत होते. वंशावळीच्या कागदावर प्रत्येक बाईची दोन्ही नावं लिहा आणि सारांशात जास्त काळ वावरणारं एकच वापरा. माहेरचं नाव फक्त त्याच्यावर पुढे काही अडलं असेल तरच सांगा.

दुसरी फसगत आजोबा आणि नातू यांच्या नावांची. श्रीधरच्या मुलाचं नाव गोविंद आहे. इथे थांबून विचार केला पाहिजे. श्रीधरचा जन्मदाता बाप विष्णुपंत, मग मुलाचं नाव विष्णू का ठेवलं नाही? कारण दत्तकानंतर त्याचा बाप गोविंद. विष्णू हे नाव नारायणने आपल्या मुलाला ठेवलं. म्हणजे नावांवरूनच कोण कोणत्या शाखेचा हे कळतं, आणि सारांशात ते एका वाक्यात सांगता आलं तर फार उपयोग होतो. नसेल जमत तर "नातू गोविंद" असं प्रत्येक वेळी लिहा. नुसतं गोविंद लिहू नका.

तिसरी अडचण नात्यांच्या शब्दांची. आपल्याकडे शब्द नेमके आहेत, जाऊ, दीर, नणंद, पुतण्या, भाचा, चुलता, आत्या. पण ते कोणाच्या बाजूने बोलतो त्यावर बदलतात. यमुना ही विष्णुपंतांच्या बायकोची जाऊ, नारायणची काकू, श्रीधरची आई आणि मीराची पणजी. एकाच परिच्छेदात हे सगळे शब्द आले तर चार बायका उभ्या राहतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक काळासाठी एक आधाराची व्यक्ती ठरवायची आणि त्या परिच्छेदातली सगळी नाती तिच्यापासून मोजायची. ही व्यक्ती कर्तबगार असण्याची गरज नाही, तिचं आयुष्य जास्तीत जास्त पिढ्यांना शिवणारं हवं. इथे १९६१ पर्यंत यमुना, मग १९८६ पर्यंत श्रीधर, शेवटी मीरा. आधार बदलतो तिथे वाचणाऱ्याला साल आणि वय सांगून नव्या व्यक्तीच्या हवाली करायचं.

तीनशे शब्दांच्या सारांशात मी आठाच्या वर नावं येऊ देत नाही. बाकीच्यांना नात्याने ओळखायचं. केशवच्या नातवाला पुस्तकात नाव आहे, सारांशात "केशवचा नातू" हेच जास्त उपयोगी, कारण त्यात त्याचा हक्कच सांगितला जातो.

काळ

घराण्याच्या कथेत साल क्वचित दिलेलं असतं. "मानमोडी आली त्या वर्षी", "खोती गेली तेव्हा", "कोयनेच्या भूकंपानंतर" अशा खुणा असतात. त्या आधी सालांत बदलून घ्या. मानमोडीची साथ १९१८ च्या पावसाळ्याच्या अखेरीस जोरात होती. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, त्याचा अंमल १९५० चा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. मीरा "भूकंपानंतरच्या आषाढात" जन्मली असं पुस्तक म्हणतं, म्हणजे १९६८. "रेल्वे आली" ही खूण मात्र जपून वापरा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाली, पण काही टप्पे त्याआधीच चालू झाले होते. कथेत गाडी कुठून कुठपर्यंत जाते ते पाहिल्याशिवाय साल लिहू नये.

शकाचं गणित इथे मुद्दाम सांगतो, कारण त्यात एक वर्षाची चूक फार होते. दत्तकपत्रावर "माघ शके १८४०" असं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं; १८४० अधिक ७८ म्हणजे १९१८. पण शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. माघ त्याच टापूत येतो. म्हणून साल १९१९. आता १९१८ लिहिलं तर काय होतं पाहा: गोविंद साथीत गेला १९१८ च्या पावसाळ्याच्या शेवटी, आणि दत्तक त्याच्या आधीच्या माघात! नवरा जिवंत असताना त्याच्या विधवेला मुलगा दिला असा अर्थ होतो. सालांची यादी वयांशी ताडून पाहिली की असं काही असेल तर लगेच सापडतं. यमुना १८९९ ची, श्रीधर १९१२ चा, केशव १९१५ चा, नातू गोविंद १९३८ चा. प्रत्येक वळणावर प्रत्येकाचं वय मांडा. कोणी जन्मायच्या आधी लग्न करत असेल तर कळेल.

हे झालं टिपणातलं. सारांशात एवढी सालं ओतली तर ती शाळेच्या दाखल्यासारखी दिसतात. तिथे परिच्छेदाच्या सुरुवातीला एक साल पुरतं, मग आधाराच्या व्यक्तीचं वय, आणि एखादी टिकून राहणारी वस्तू. इथे ती कलमं आहेत: लावली तेव्हा, भरात आली तेव्हा, साठ वर्षांची झाली तेव्हा. "कालांतराने" आणि "पुढे" हे शब्द लिहून झाल्यावर शोधून काढा आणि प्रत्येकाच्या जागी या तिन्हींपैकी काही एक ठेवा. क्रियापदंही सांभाळा. सारांश साध्या वर्तमानकाळात ठेवला (जातो, देते), तर मागची गोष्ट भूतकाळात (गेला होता) सांगता येते. मधेच "गेला", मधेच "जातो" झालं की आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं हे वाचणाऱ्याला कळेनासं होतं.

दुरुस्त केलेला सारांश

"दाभोळ खाडीकाठच्या खोतांच्या घरातला धाकटा भाऊ गोविंद १९१८ च्या मानमोडीत जातो. त्याची बायको यमुना तेव्हा १९ वर्षांची, मूल नाही. पुढच्या माघात थोरले दीर विष्णुपंत आपल्या तीन मुलांपैकी मधला, सहा वर्षांचा श्रीधर तिला दत्तक देतात. त्यांची बायको आधीच वारलेली असल्याने तीन वर्षांच्या धाकट्या केशवलाही यमुनाच वाढवते.

विष्णुपंतांच्या माघारी १९३६ साली वाटणी होते तेव्हा त्या दत्तकाचा अर्थ उघड होतो. गोविंदची शाखा म्हणून निम्मी मिळकत एकट्या श्रीधरची. थोरला नारायण आणि केशव यांना चौथाई-चौथाई, तीही कुळांकडे असलेली. नारायण बोलणं टाकतो. केशव मुंबईला नोकरी धरतो आणि १९३८ पासून सहा वर्षं यमुनेला मनीऑर्डर पाठवतो. त्या पैशांतून श्रीधरच्या बागेत हापूसची कलमं लागतात. निम्मी केशवची, असं ठरतं, पण तोंडी.

१९५७ साली कुळकायद्याने नारायण आणि केशव यांची जमीन जाते. श्रीधरची बाग, आता भरात आलेली, तेवढी राहते. केशवला लिहून दिलं तर नारायण वाटणी पुन्हा उघडेल या भीतीने श्रीधर कागद करत नाही. १९६१ साली, ६२ व्या वर्षी मरताना यमुना त्याच्याकडून शब्द घेते. तो देतो, आणि १९८६ साली स्वतः जाईपर्यंत पाळत नाही. त्याचा मुलगा, ज्याला यमुनेच्या नवऱ्याचं गोविंद हे नाव ठेवलं होतं, त्याला यातलं काही ठाऊक नाही.

१९९८ च्या हंगामात या नातू गोविंदची एकुलती मुलगी मीरा तिशीला आली आहे आणि बाग विकायच्या विचारात आहे. पेटीतल्या कुपनांवर 'कलमांसाठी' हा शब्द तिला सापडतो. साठ वर्षांची ती झाडं ती विकत नाही. निम्मी केशवच्या नातवाला लिहून देते. नारायणच्या घरचं कोणी त्या दिवशी येत नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. बिघडलेल्या सारांशात "घराणं पुन्हा एक होतं" असं आलं होतं, पण पुस्तकात तसं होत नाही. साखळीत नसलेली एखादी शाखा शेवटी कुठे उभी आहे, हे सांगायला सहा-सात शब्द पुरतात आणि खोटा गोड शेवट टळतो.

नीट झालं का, हे कसं कळतं

पुस्तक न वाचलेल्या माणसाला सारांश एकदा वाचायला द्या, कागद परत घ्या आणि तीन गोष्टी विचारा. मीरा यमुनेची कोण? कलमं लागली तेव्हा केशव मुंबईत होता की गावी? मीराने अर्धीच का दिली? पहिल्यावर अडखळला तर आधाराची व्यक्ती जिथे बदलली ते वाक्य कच्चं आहे. दुसऱ्यावर अडखळला तर सालं किंवा क्रियापदं पाहा. तिसऱ्यावर अडला तर साखळीतला एक दुवा गळला आहे, आणि माझ्या पाहण्यात तो बहुधा मधला असतो, इथे वाटणीचा.

ही पद्धत सगळीकडे चालते असं नाही. काही कथांत दोन शाखा शेवटपर्यंत भेटतच नाहीत, एक गावात राहते आणि एक आफ्रिकेला किंवा मुंबईला जाते. तिथे शेवट दोन असतात, साखळ्याही दोन काढाव्या लागतात, आणि दोन्ही साखळ्या मागे जाऊन जिथे जुळतात तो प्रसंग सारांशाच्या सुरुवातीला घ्यावा लागतो. पुस्तकाच्या मागच्या पानावरचा मजकूर लिहायचा असेल तर कुपनं सांगून टाकायची नसतात. तिथे वाटणीपर्यंत येऊन थांबावं. आणि मर्यादा शंभर शब्दांचीच असेल तर मी नारायण, नातू गोविंद आणि १९५७ सुद्धा सोडतो. दत्तक, मनीऑर्डर, न पाळलेला शब्द आणि मीरा एवढंच ठेवतो, सालं फक्त दोन: १९१९ आणि १९९८.